मोसंबीची बाग वर्षाला किती टक्के देते? पासबुक, बहुपदी आणि आयआरआर

जालन्यात मोसंबीचा विषय निघाला की आकडे दोनच पद्धतीने सांगितले जातात. एक, "एकरी इतके लाख झाले." दोन, "दहा वर्षांत पैसे अडीचपट." दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, पण त्यावरून एक साधी गोष्ट कळत नाही: बँकेचं कर्ज 11 टक्क्यांनी काढून ही बाग लावली, तर ती परवडेल का? कर्जाचा दर वर्षाला टक्क्यांत असतो, म्हणून बागेचा परतावाही वर्षाला टक्क्यांतच हवा. त्या टक्क्याला म्हणतात अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर.

गूगल शीट्समध्ये =IRR लिहिलं की तो मिळतो. पण आत काय चालतं हे माहीत नसेल, तर हेच फंक्शन तोट्याच्या व्यवहारालाही "10 टक्के परतावा" असं बिनधास्त सांगतं. हे कसं होतं ते आपण शेवटी आकड्यांसकट बघू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण हा विषय मला कोडपेक्षा पासबुकातून जास्त नीट समजला. म्हणून सुरुवात पासबुकापासूनच करू.

आयआरआर म्हणजे शेवटची शिल्लक शून्य करणारा दर

आधी एकदम छोटं उदाहरण. आज तुम्ही 1000 रुपये गुंतवले. एक वर्षाने 600 परत आले, दोन वर्षांनी आणखी 600. परतावा किती टक्के?

समजा या व्यवहाराचं एक पासबुक आहे. आज शिल्लक आहे उणे 1000, म्हणजे व्यवहार तुमचं 1000 देणं लागतो. वर्षभरात या देण्यावर व्याज चढतं. दर r असेल तर शिल्लक (1 + r) पट होते. या (1 + r) ला आपण x म्हणू. मग वर्षाअखेर 600 जमा झाले:

पहिलं वर्ष: −1000x + 600

दुसऱ्या वर्षी ही सगळी शिल्लक पुन्हा x पट होते आणि आणखी 600 जमा होतात:

दुसरं वर्ष: (−1000x + 600)x + 600 = −1000x² + 600x + 600

आयआरआर म्हणजे असा दर, ज्याने ही शेवटची शिल्लक बरोबर शून्य होते. व्यवहाराने तुमचे पैसे व्याजासकट फेडले, वर एक रुपया उरला नाही आणि एक रुपया कमीही पडला नाही. म्हणून समीकरण असं:

−1000x² + 600x + 600 = 0

हे दहावीतलं वर्गसमीकरण आहे. सूत्र लावलं की दोन मुळं मिळतात: x = 1.1307 आणि x = −0.5307. दुसऱ्या मुळाचा अर्थ दर उणे 153 टक्के असा होईल, आणि पैसे शंभर टक्क्यांपेक्षा जास्त बुडू शकत नाहीत, म्हणून ते सोडून द्यायचं. उरलं 1.1307. त्यातून 1 वजा केला की दर 13.07 टक्के.

पासबुकात ताळा करून बघा. 1000 चे वर्षाने 1130.70 झाले, 600 आले, 530.70 बाकी राहिले. त्यावर पुन्हा 13.07 टक्के व्याज, म्हणजे 600 रुपये आणि काही पैसे. शेवटचे 600 आले आणि खातं संपलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक रकमेसमोर x चा जो घात आहे, तो म्हणजे त्या रकमेला शेवटपर्यंत मिळणारी वर्षं. आजच्या रकमेला दोन वर्षं, म्हणून x². शेवटच्या रकमेला शून्य वर्षं, म्हणून तिथे x नाहीच. व्यवहार दहा वर्षांचा असेल तर दहाव्या घाताची बहुपदी तयार होते.

एक एकर मोसंबी, दहा वर्षं

आता बाग घेऊ. अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यात मोसंबी भरपूर आहे, आणि जालना मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. तुमच्या पाण्यानुसार आणि भावानुसार ते बदलतील. सगळे हजार रुपयांत आहेत, आणि वर्षभराचा खर्च-उत्पन्न वजा-जमा करून एकच निव्वळ नोंद धरली आहे.

- वर्ष 0: −120 (खड्डे, रोपं, ठिबक, कुंपण)
- वर्ष 1, 2, 3: प्रत्येकी −30 (खत, फवारणी, मजुरी, फळ नाही)
- वर्ष 4: +20 (पहिला हलका बहार)
- वर्ष 5: +60
- वर्ष 6 ते 10: प्रत्येकी +90

खिशातून गेले 2 लाख 10 हजार, परत आले 5 लाख 30 हजार. म्हणजे "अडीचपट" खरंच आहे. बहुपदी अशी होते:

−120x¹⁰ − 30x⁹ − 30x⁸ − 30x⁷ + 20x⁶ + 60x⁵ + 90x⁴ + 90x³ + 90x² + 90x + 90 = 0

वर्गसमीकरणाला सूत्र आहे. तिसऱ्या आणि चौथ्या घातालाही आहे. पण पाचव्या घातापासून पुढे बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ-घनमूळ यांवर चालणारं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही. नॉर्वेच्या नील्स आबेलने 1824 मध्ये हे सिद्ध केलं. म्हणून दहाव्या घाताचं मूळ काढताना शीट्स, एक्सेल किंवा बँकेचं सॉफ्टवेअर, कुणीही सूत्रात आकडे टाकत नाही. सगळे अंदाज करतात, शिल्लक बघतात आणि अंदाज सुधारतात.

आपणही तेच करू. 10 टक्के दर धरून पासबुक चालवलं तर दहाव्या वर्षी सुमारे 1 लाख 77 हजार उरतात. म्हणजे बाग 10 टक्क्यांपेक्षा जास्त देते. 20 टक्के धरले तर सुमारे 2 लाख 55 हजार कमी पडतात, म्हणजे बाग 20 पर्यंत पोचत नाही. मध्यावर 15 धरले तर 11 हजार उरतात. 16 धरले तर 33 हजार कमी पडतात. उत्तर 15 आणि 16 च्या मध्ये आहे, आणि असंच अर्धं-अर्धं करत गेलं की 15.3 टक्क्यांच्या आसपास थांबतं.

पायथनमध्ये हे इतकंच आहे:

```python
def shillak(nondi, x):
    b = 0
    for n in nondi:
        b = b * x + n
    return b

bag = [-120, -30, -30, -30, 20, 60, 90, 90, 90, 90, 90]
lo, hi = 1.0, 2.0
for _ in range(40):
    mid = (lo + hi) / 2
    if shillak(bag, mid) > 0:
        lo = mid
    else:
        hi = mid
print((lo - 1) * 100)
```

`b = b * x + n` ही ओळ बघा. मागची शिल्लक व्याजासकट, अधिक या वर्षाची नोंद. हे पासबुकच आहे. कॉम्प्युटर सायन्सच्या पुस्तकात बहुपदीची किंमत काढायच्या याच पद्धतीला हॉर्नरची पद्धत म्हणतात. x¹⁰ वगैरे वेगळं काढावंच लागत नाही.

फोनवर करायचं असेल तर शीट्समध्ये A1 ते A11 मध्ये या नोंदी एकाखाली एक टाका आणि `=IRR(A1:A11)` लिहा. उत्तर तेच येईल. काही न आलेलं वर्ष रिकामं सोडू नका, तिथे 0 लिहा. नाहीतर पुढच्या सगळ्या नोंदी एक वर्ष अलीकडे सरकतात आणि दर उगाच वाढतो.

दुष्काळाचं एक वर्ष आलं तर?

जालन्यात हा प्रश्न टाळता येत नाही. 2012-13 च्या दुष्काळात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांमध्ये जालना होता. टँकरने पाणी आणून लोकांनी मोसंबी जगवायचा प्रयत्न केला, तरी कितीतरी बागा वाळून गेल्या.

समजा आपल्या बागेला सातव्या वर्षी असा दुष्काळ लागला. झाडं वाचली, पण फळ नाही, आणि विकतच्या पाण्यावर 60 हजार गेले. म्हणजे +90 च्या जागी −60. आठव्या वर्षी झाडं अजून अशक्त, म्हणून फक्त +40. बाकी सगळं पहिल्यासारखंच.

दर 7 टक्के धरून पासबुक चालवा. सहाव्या वर्षाअखेर बाकी 1 लाख 21 हजार, सातव्या वर्षी ती पुन्हा वाढून 1 लाख 90 हजार, मग उतरत उतरत दहाव्या वर्षी जेमतेम 200 रुपये बाकी. म्हणजे आयआरआर जवळजवळ 7 टक्के.

दहापैकी एक वर्ष वाईट गेलं आणि परतावा 15.3 वरून 7 वर आला, निम्म्याहूनही खाली. कर्ज 11 टक्क्यांचं असेल तर पहिल्या हिशोबात बाग परवडत होती, दुसऱ्यात नाही. म्हणून आयआरआर एकदाच काढून थांबू नका. चांगल्या वर्षांचा एक काढा, मध्ये एक दुष्काळ टाकून दुसरा काढा, आणि कर्जाच्या दराशी दोन्ही ताडून बघा.

इथे कुणी म्हणेल, साधा हिशोब का नको? नफा भागिले गुंतवणूक, भागिले दहा. चांगल्या बागेला तो 15.2 टक्के देतो, खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. पण तो योगायोग आहे. दुष्काळाच्या बागेला हाच हिशोब 4.4 टक्के देतो, खरं उत्तर 7 असताना. कारण त्याला फक्त बेरजा दिसतात, कुठली रक्कम कुठल्या वर्षी आली हे दिसत नाही. बहुपदीत ते घातांमध्ये लिहिलेलं असतं.

एका व्यवहाराचे दोन आयआरआर

बहुपदीला एकापेक्षा जास्त मुळं असतात, मग आपल्याला एकच उत्तर कसं मिळालं? याचं उत्तर चिन्हांमध्ये आहे. फ्रेंच गणितज्ञ देकार्तने 1637 मध्ये एक नियम दिला: बहुपदीच्या सहगुणकांचं चिन्ह जितक्या वेळा पालटतं, त्याहून जास्त धन मुळं असू शकत नाहीत. पहिल्या बागेत आधी सगळे उणे, मग सगळे अधिक. चिन्ह एकदाच पालटलं, म्हणून धन मूळ एकच. दुष्काळाच्या बागेत मात्र चिन्ह तीनदा पालटतं, म्हणजे आता खात्री राहत नाही.

हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून एक व्यवहार बघा. एकाने दुसऱ्याची उभी बाग दोन वर्षांच्या कराराने घेतली. सुरुवातीला 1 लाख दिले. पहिल्या वर्षी बहार चांगला आला, निव्वळ 2 लाख 30 हजार हातात. दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, फळ नाही, पण करारात बाग जिवंत परत द्यायची अट. पाण्यावर आणि मजुरीवर 1 लाख 32 हजार खर्च.

साधी बेरीज करा: −100 + 230 − 132 = −2. दोन हजारांचा तोटा. आता समीकरण:

−100x² + 230x − 132 = 0

मुळं दोन, 1.1 आणि 1.2. म्हणजे आयआरआर 10 टक्के आणि 20 टक्के, आणि गणिताने दोन्ही बरोबर!

शीट्समध्ये `=IRR(A1:A3)` लिहिलं तर 10% येतं, कारण तुम्ही सांगितलं नाही तर ते पहिला अंदाज 0.1 धरतं, आणि हे मूळ नेमकं तिथेच आहे. `=IRR(A1:A3, 0.25)` लिहिलं तर शोध पलीकडून सुरू होतो आणि 20% येतं. वर दिलेल्या आपल्या पायथन कोडला ही यादी दिली तर तोही 20 वर जाऊन थांबतो. तीनही ठिकाणी कुठेही एरर नाही, आणि खिशाला मात्र तोटा.

शेवटची नोंद 132 ऐवजी 140 केली तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. खरं मूळच उरत नाही आणि शीट्स #NUM! दाखवतं. बरेच जण तेव्हा फॉर्म्युला पुन्हा पुन्हा टाइप करतात, पण चूक टायपिंगची नसते. शून्य शिल्लक देणारा दर त्या व्यवहाराला मुळात नाहीच.

गोंधळ नेमका कुठे होतो

पासबुक पुन्हा उघडा. 15 टक्के दर धरला तर पहिल्या वर्षाअखेर शिल्लक −115 + 230, म्हणजे +115. शिल्लक आता जमेत आहे. पण आपलं समीकरण त्या जमेवरही 15 टक्के व्याज देतं, कारण x एकच आहे. 115 चे 132.25 होतात, 132 दिले, 250 रुपये नफा!

खऱ्या आयुष्यात तुम्हाला कर्ज 12 टक्क्यांनी मिळतं आणि तुमच्या ठेवीवर 7 टक्के मिळतात असं धरा. मग −112 + 230 = 118. त्याचे 7 टक्क्यांनी 126.26. त्यातून 132 गेले, 5 हजार 740 रुपये तोटा. हे उत्तर व्यवहाराशी जुळतं. एकाच x ने कर्ज आणि ठेव दोन्ही चालवणं हीच या सगळ्याची मुळं.

1955 मध्ये लोरी आणि सॅव्हेज या दोन अभ्यासकांनी गुंतवणुकीच्या निर्णयांवरच्या लेखात ही दोन दरांची अडचण दाखवली होती. आणि 1972 मध्ये नॉर्स्ट्रॉम नावाच्या अभ्यासकाने एक सोपी चाचणी दिली, जी फोनच्या कॅल्क्युलेटरवर होते. व्याज न लावता फक्त बेरीज करत जा आणि दर वर्षीची शिल्लक लिहा. या शिल्लकेचं चिन्ह बरोबर एकदाच पालटलं आणि शेवट शून्यावर नसला, तर शून्यापेक्षा मोठा आयआरआर एकच असतो.

दुष्काळाच्या बागेवर लावून बघू: −120, −150, −180, −210, −190, −130, −40, −100, −60, +30, +120. नोंदींची चिन्हं तीनदा पालटली होती, पण या शिल्लकेचं चिन्ह एकदाच पालटलं. म्हणजे आपले 7 टक्के पक्के. कराराच्या बागेवर लावा: −100, +130, −2. दोनदा पालटलं. इथे आयआरआरवर विश्वास ठेवायचा नाही, कर्जाचा आणि ठेवीचा दर वेगळा धरून पासबुक हातानेच चालवायचं.

शीट्स उघडण्याआधी

दोन मर्यादा सांगतो. हे सगळं वर्षाला एक नोंद आणि मध्ये सारखं अंतर असेल तरच चालतं. तारखा पुढेमागे असतील तर शीट्समध्ये तारखा घेणारं वेगळं फंक्शन आहे, `=XIRR`. आणि दुसरं, आयआरआरला फक्त नोंदवलेलं दिसतं. घरच्या माणसांची मजुरी आणि जमिनीचं भाडं लिहिलं नाही तर दर फुगतो. दहाव्या वर्षी उभ्या असलेल्या झाडांची किंमत लिहिली नाही तर दर कमी दिसतो. कुणी तुम्हाला बागेचा, पॉलिसीचा किंवा सोलर पंपाचा आयआरआर सांगितला, तर वर्षनिहाय नोंदी मागा, त्यांची धावती बेरीज करा, आणि चिन्ह किती वेळा पालटतं ते मोजा. एकदाच पालटत असेल तर तो दर तुमच्या कर्जाच्या दराशेजारी ठेवून बघायला हरकत नाही.